साच्याचे माप आणि पिठाचा हिशोब

पायची पारी करंजीच्या पारीसारखीच असेल, असे मला बरीच वर्षे वाटत होते. तसे नाही. करंजीच्या मैद्यात आपण कडकडीत मोहन ओततो, ते कणाकणाला लागते. पायच्या पारीत लोणी घट्ट, थंड असावे लागते. वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले, की भट्टीत ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. म्हणून पाणीही बर्फाचे. हाताच्या उबेने लोणी विरघळले, तर पदर न येता बिस्कीट होते.

प्रमाण वजनाने ३:२:१. मैदा तीन भाग, लोणी दोन, पाणी एक. वाटीने मोजू नये. दाबून भरलेली वाटी फसवते.

चूक झाली ती माप बदलताना. नारायणगावचे टोमॅटो घालून मी २० सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर उंच साच्यात टार्ट करतो. त्याला १२६ ग्रॅम मैदा, ८४ ग्रॅम लोणी, ४२ ग्रॅम पाणी पुरते. मंचरच्या पुतणीचा साचा १५ सेंटिमीटरचा, उंची तीच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून मी तिला ०.५६ पट सांगितले, म्हणजे ७१ ग्रॅम मैदा. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, "काका, कड उघडीच राहिली."

मी तळ मोजला होता, भिंत विसरलो होतो. साचा लहान झाला तरी भिंतीची उंची तेवढीच राहते. लाटायची पोळी म्हणजे साच्याचा व्यास, अधिक दोन्ही बाजूंची उंची, अधिक कडेला २ सेंटिमीटर. माझ्या साच्याला २० + ६ + २ = २८, तिच्या साच्याला १५ + ६ + २ = २३. आता २३ ला २८ ने भागून वर्ग केला, की ०.६७ येते. म्हणजे ८५ ग्रॅम मैदा, ५७ लोणी, २८ पाणी. जाडी दोन्हीकडे तीन मिलिमीटर धरली आहे.

पाणी मात्र सगळे एकदम ओतू नये. मुटका वळला, पण चिकटला नाही, की थांबावे. लाटताना कडा फाटल्या तर पाणी कमी पडले. पोळी आखडून मागे येत असेल तर पाणी जास्त झाले किंवा मळणे जास्त झाले. अशा वेळी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. कणीक वापरली तर कोंडा पाणी पितो, थोडे वाढवावे लागते.

लोण्याऐवजी तूप घ्यायचे असेल तर हिशोब बदलतो. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, उरलेले बहुतांशी पाणी. तुपात पाणी जवळपास नसतेच. ८४ ग्रॅम लोण्याच्या जागी सुमारे ६८ ग्रॅम थिजलेले तूप घ्यावे आणि पाणी थोडे जास्त हाताशी ठेवावे. पदर मात्र लोण्याइतके सुटत नाहीत, पारी खुसखुशीत होते. घरच्या लोण्याचे काय सांगावे, त्यातले ताक किती निथळले आहे त्यावर सगळे अवलंबून.

पुतणीने दुसऱ्यांदा ८५ ग्रॅमचे पीठ भिजवले. कड भरली आणि कातरणाच्या दोन छोट्या शंकरपाळ्या झाल्या.