चिकाची पावडर: वासराला लागू पडते ते माणसाला पडतेच असे नाही

सातारा-सांगलीत गाय व्याली की पहिल्या धारांचा चीक वासराला आणि उरलेल्याचा खरवस घरात, ही जुनी रीत. आता तोच चीक ‘प्रतिकारशक्ती’साठी पावडर होऊन महाग डब्यात येतो. घेण्याआधी वासराचे गणित पाहा.

गाईची प्रतिपिंडे वारेतून वासराकडे जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती अख्खी शोषून घेते ते जेमतेम पहिले २४ तास. तेही तासागणिक कमी होत जाते. म्हणून ३० किलोच्या संकरित कालवडीला पहिल्या दोन-तीन तासांत साधारण तीन लिटर चीक पोटात गेला पाहिजे. माणसाच्या बाळाला मात्र प्रतिपिंडे वारेतूनच मिळालेली असतात आणि मोठ्या माणसाच्या पोटात चिकातली बरीचशी प्रतिपिंडे पचून जातात. रक्तात ती उतरत नाहीत. परिणाम असलाच तर आतड्याच्या आतल्या बाजूला.

पुरावाही तेवढाच आहे. खूप व्यायाम करणाऱ्या खेळाडूंवरच्या लहान चाचण्यांत सर्दी-खोकल्याचे दिवस थोडे कमी दिसले. लॅक्टोफेरिन हे दुधातले लोह धरून ठेवणारे प्रथिन. चिकात ते जास्त असते. ब्रिटनमध्ये वेळेआधी जन्मलेल्या २,२०३ बाळांवर ते तपासून पाहिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: जंतुसंसर्ग लॅक्टोफेरिन घेतलेल्यांत २९ टक्के, न घेतलेल्यांत ३१ टक्के. म्हणजे फरक नाही. गरोदरपणातल्या लोहाच्या कमतरतेवर काही चाचण्यांत ते लोहाच्या गोळीइतके उपयोगी पडले आणि पोटाचा त्रास कमी झाला. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

खरवसाचे काय? तो उकडताना प्रतिपिंडे निकामी होतात, प्रथिने राहतात. चवीने खा, औषध म्हणून नको.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी पावडर आणि खरवस दोन्ही टाळावे; लॅक्टोफेरिन ‘शुद्ध’ असले तरी ते दुधाचेच प्रथिन. दूध पचत नसेल तर चिकाच्या पावडरीने पोट फुगते, जुलाब होतात. तान्ह्या बाळाला घरच्या घरी देऊ नका. गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कच्चा चीक तर कोणीच पिऊ नये, गाभ टाकलेल्या गाईचा तर मुळीच नाही: ब्रुसेलोसिस त्यातून येतो. आटवताना सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली असेल तर औषधाचा अंश चिकात उतरू शकतो. पशुवैद्यकाने सांगितलेला काळ उलटेपर्यंत त्याचा खरवसही करू नका.

चीक संकलनाच्या दुधात मिसळू नका. नियमाने दूध चीकविरहित हवे. वासराला पुरून उरलेला चांगला चीक एक-दोन लिटरच्या बाटल्यांत गोठवून ठेवा. रात्री व्यालेल्या, चीक नसलेल्या गाईच्या वासराला तो कामी येतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पाण्यात हात ठेवता आला पाहिजे.