मंजूर म्हणजे नेमके किती?

सरकारी कार्यालयात खर्चाला मंजुरी देणारा शासन निर्णय, म्हणजे बोलीभाषेतला जीआर, येतो तेव्हा तो चार-पाच पानांचा असतो. आधी संदर्भ, मग प्रस्तावना, मग निर्णय, शेवटी ‘प्रत’ म्हणून कार्यालयांची यादी. लेखाधिकाऱ्याला मात्र त्यातून एकच गोष्ट कळायला हवी असते: समोर आलेले देयक मी कोणत्या लेखाशीर्षातून, किती रकमेपर्यंत, कशाची पूर्तता झाल्यावर आणि कधीपर्यंत संमत करू शकतो? जीआरचा गोषवारा या प्रश्नाचे उत्तर असला पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेसाठी यंत्रसामग्री घ्यायची आहे. १४ ऑक्टोबरच्या जीआरमध्ये तीन रकमा आहेत. खरेदीला प्रशासकीय मान्यता ४८ लाखांची, यंदाच्या अर्थसंकल्पातली तरतूद ३० लाखांची आणि तिच्या ६० टक्के, म्हणजे १८ लाखांचा निधी वितरित. ‘मंजूर’ हा शब्द तिन्हींना चिकटू शकतो, पण प्रत्येकीचा अर्थ वेगळा. ४८ लाख ही कामाच्या एकूण खर्चाची मर्यादा. ३० लाख विधिमंडळाने या वर्षासाठी दिलेले. कोषागारातून आज काढता येतील ते फक्त १८ लाख. गोषवाऱ्यात ‘मंजूर रक्कम ४८ लाख’ एवढेच लिहिले, तर लिहिलेले खोटे नसते, पण वाचणारा हमखास फसतो.

रकमेचे एककही पाहावे लागते. मजकुरात ‘रु. १८.०० लक्ष’ आणि सोबतच्या विवरणपत्रात नुसते ‘१८००’ असते, कारण त्या रकान्यावर बारीक अक्षरात ‘रुपये हजारात’ असे छापलेले असते. गोषवाऱ्यात दोन्ही एकाच एककात आणून अक्षरी रकमेशी ताडावेत आणि रक्कम करांसह आहे की करांशिवाय, हेही नोंदवावे.

यानंतर लेखाशीर्ष. पैसा कुठून येतो आणि कशावर जातो, हे त्यातले आकडे सांगतात. पहिले चार आकडे प्रधान शीर्षाचे. ते २ किंवा ३ ने सुरू झाले तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने सुरू झाले तर भांडवली. आपल्या उदाहरणात मजकुरात ४२०२ आहे, म्हणजे शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती यांवरचा भांडवली खर्च. विवरणपत्रात मात्र २२०३, म्हणजे तंत्रशिक्षणाचा महसुली खर्च, असे छापले गेले आहे. इथे गोषवारा करणाऱ्याचा हात आवरला पाहिजे. यंत्रसामग्री आहे, तेव्हा ४२०२ च बरोबर असणार, असे मनाशी ठरवून एकच शीर्ष लिहिणे धोक्याचे. दोन्ही शीर्षे पानांच्या क्रमांकासह लिहावीत आणि ‘विसंगती, विभागाकडून शुद्धिपत्रक आवश्यक’ असा शेरा द्यावा. चुकीच्या शीर्षाखालचे देयक कोषागारातून आक्षेपासह परत येते आणि नजरेतून सुटून संमत झाले, तर खर्च वर्षभर भलत्याच खात्यात दिसत राहतो.

अटी जीआरमध्ये ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने उतरवल्या तर कामाला येत नाहीत. त्या वेळेप्रमाणे लावाव्यात. देयकाआधी काय हवे: विहित पद्धतीने खरेदी, साहित्य मिळून तपासल्याची नोंद. देयकानंतर काय हवे: उपयोगिता प्रमाणपत्र. आणि मनाई कशाची: निधी दुसऱ्या बाबीकडे वळवू नये. ‘वित्त विभागाच्या परिपत्रकातील अटींच्या अधीन राहून’ असे वाक्य असेल, तर त्या परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक लिहावा, कारण खरी अट तिथे असते.

मुदतीचा भाग सर्वांत फसवा. मान्यता आणि निधी यांचे आयुष्य वेगवेगळे असते. वितरित १८ लाख ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत, तर व्यपगत होतात, मग मान्यता टिकून असली तरी. केंद्र सरकारच्या कार्यालयांत मान्यतेलाही मुदत असते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम ३० प्रमाणे, काही अपवाद सोडता, १२ महिन्यांत अंशतःही पैसे दिले गेले नाहीत तर नव्या खर्चाची मंजुरी संपते. शिवाय आपल्या जीआरमध्ये पुरवठा आदेश तीन महिन्यांत देण्याची अट आहे, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. गोषवाऱ्यात हे सगळे दिनांक वेगवेगळ्या ओळींवर हवेत.

गोषवारा जमला की नाही, हे तपासता येते. मूळ जीआर न पाहिलेल्या सहकाऱ्याला तो द्यावा आणि विचारावे, ‘फेब्रुवारीत २० लाखांचे देयक आले तर?’ त्याने सांगायला हवे: मान्यतेत बसते, तरतुदीतही बसते, पण वितरित निधीपेक्षा दोन लाख जास्त आहे, शिवाय लेखाशीर्षाचे शुद्धिपत्रक आलेले नाही, तेव्हा आज संमत करता येणार नाही. हे सांगण्यासाठी त्याला जीआर उघडावा लागला, तर गोषवारा पुन्हा लिहावा.