टायपिंगचा वेग तिशीत अडकला की

मराठी टायपिंग शिकणाऱ्यांचा वेग पहिले काही महिने भराभर वाढतो आणि मग मिनिटाला तीस शब्दांच्या आसपास अडतो. रोज तासभर उतारे बडवले तरी आकडा हलत नाही. अमेरिकेतले ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ साली तारयंत्रावर काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा संदेश ऐकून उतरवून घेण्यात त्यांना अशीच थांबलेली पातळी दिसली. शिकणारा सुटी अक्षरे पकडण्यातच गुंतलेला असतो, अख्खे शब्द एकदम पकडण्याची सवय त्याला अजून लागलेली नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशी पातळी प्रत्येकाला येतेच असे नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण टायपिंगमध्ये बोटे नेमकी कुठे अडतात ते शोधता येते, आणि माझ्या मते पहिले काम तेच आहे.

इन्स्क्रिप्ट कळफलकावरचा 'त्या' घ्या. कागदावर ते एकच अक्षर, पण बोटांना चार कळा दाबाव्या लागतात: `l`, `d`, `/`, `e`. त्यातली `/` उजव्या करंगळीला खाली जाऊन गाठावी लागते. 'त्यांनी', 'त्याचे', 'सत्य' असे शब्द उताऱ्यात पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी तिथे क्षणभर थांबावे लागते. अख्खा उतारा शंभरदा टाइप केला तरी सोपे शब्दच जास्त घोटले जातात आणि ही अडचण तशीच राहते.

म्हणून दोन मिनिटे नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाने टाइप करावे. चुका होऊ द्याव्यात, फक्त त्या कुठे झाल्या ते लिहून ठेवावे. बहुतेकांच्या यादीत तीन-चार जोडाक्षरेच वारंवार येतात. मग त्या जोडाक्षरांच्या वीस शब्दांची यादी करून ती रोज दहा मिनिटे टाइप करावी: आधी सावकाश आणि बिनचूक, नंतर घड्याळ लावून. उतारे त्यानंतर. कळफलकाकडे बघण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी लागते. त्या काळात वेग काही दिवस खाली येतो, तेव्हा घाबरून जुन्या सवयीकडे वळू नये.

मोजताना रोजच्या आकड्यावर विसंबू नये. समजा एका आठवड्यातले वेग २८, ३१, २९, २७, ३० असे आहेत आणि दोन आठवड्यांनंतरचे २९, ३२, ३०, ३०, ३१. एकेक दिवस पाहिला तर फरक जाणवत नाही, पण सरासरी २९ वरून ३०.४ झालेली असते. उतारा दर वेळी नवा घ्यावा, नाहीतर पाठांतराचा वेग मोजला जातो. चुकांची नोंद वेगळी ठेवावी. वीस शब्दांच्या यादीला लागणारा वेळ घटतो आहे, पण नव्या उताऱ्यातला वेग तसाच आहे, असे दिसले तर अडचण दुसऱ्या जोडाक्षरांत असते आणि यादी बदलायला हवी.