पळवून नेणे: एक गुन्हा की दोन?

साताऱ्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा. ओळखीचा माणूस त्याला म्हणतो, ‘चल मुंबईला, मालिकेत काम देतो.’ आईवडिलांना पत्ता लागू न देता दोघे निघतात. मुलगा आनंदात असतो, काम खरोखर मिळते, पैसेही मिळतात. गुन्हा झाला का?

कायद्याच्या परीक्षेत असा प्रश्न आला, की खाली चार पर्याय असतात. एक म्हणतो, मुलाची संमती होती म्हणून गुन्हा नाही. दुसरा म्हणतो, बळजबरी किंवा फसवणूक नव्हती म्हणून नाही. तिसरा म्हणतो, हेतू वाईट नव्हता म्हणून नाही. चौथा म्हणतो, किडनॅपिंग झाले. उत्तर चौथे. पहिल्या तिन्ही पर्यायांतली कारणे ऐकायला पटतात, कारण ती कायद्यातलीच आहेत. फक्त ती शेजारच्या गुन्ह्याची आहेत. तो गुन्हा म्हणजे ॲबडक्शन.

बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट ‘अपहरण’ म्हणतात. भारतीय न्याय संहितेत मात्र किडनॅपिंग कलम १३७ मध्ये आहे आणि ॲबडक्शन कलम १३८ मध्ये. क्लासच्या नोट्समध्ये दोन्हींतल्या फरकाचा तक्ता असतो: वय, संमती, साधन, हेतू, शिक्षा. मुले तो पाठ करतात आणि प्रश्न काढणारा त्यातलाच एखादा रकाना उचलून दुसरीकडे ठेवतो. तक्ता कितीही घोकला तरी परीक्षेच्या घाईत रकाने सरकतात. त्यापेक्षा एकच गोष्ट विचारावी: इथे कायदा काय जपतो आहे?

पालकाच्या ताब्यातून होणाऱ्या किडनॅपिंगमध्ये कायदा पालकाचा ताबा जपतो आणि त्या ताब्यातली मुलाची सुरक्षितता जपतो. म्हणून अठरा वर्षांखालील मूल किंवा मनोविकल व्यक्तीच इथे येते, कारण कायद्याच्या नजरेत पालकाची गरज त्यांनाच असते. म्हणूनच संमती विचारायची ती पालकाची; मुलाच्या ‘हो’ला इथे किंमत नाही. बळाची गरज नाही, नुसते नेणे किंवा लालूच दाखवणे पुरते. हेतू चांगला होता, हेही सहसा कामाचे नाही. मूल ताब्यातून बाहेर गेले की गुन्हा पूर्ण होतो आणि कलम १३७ खालीच सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. साताऱ्याच्या मुलाचे उत्तर इथून आपोआप निघते.

ॲबडक्शनमध्ये कायदा त्या व्यक्तीचे स्वतःचे स्वातंत्र्य जपतो. म्हणून वयाची अट नाही. सत्तर वर्षांच्या आजोबांचेही ॲबडक्शन होते. पालकाचा प्रश्न नाही. प्रश्न इतकाच, की त्या व्यक्तीला बळाने किंवा फसवून एखाद्या ठिकाणाहून जायला लावले का. स्वतःच्या मर्जीने, खरे काय ते समजून ती गेली असेल तर ॲबडक्शन नाही. एका गावाहून दुसऱ्या आणि दुसऱ्याहून तिसऱ्या गावी तिला बळाने वा फसवून नेत राहिले, तर हा गुन्हाही चालू राहतो.

आता दुसरा प्रश्न. बावीस वर्षांच्या मुलीला एकाने सांगितले, ‘तुझे वडील कोल्हापूरला दवाखान्यात आहेत, बस गाडीत.’ वडील घरी ठणठणीत होते. तिला कोल्हापूरला नेऊन कोंडून ठेवण्याचा त्याचा बेत होता. पर्याय असे: (अ) वडिलांची संमती नव्हती म्हणून किडनॅपिंग; (ब) बळ वापरले नाही म्हणून काहीच नाही; (क) ॲबडक्शन, आणि शिक्षा कलम १३८ खाली; (ड) ॲबडक्शन, आणि कोंडण्याच्या हेतूमुळे ते दंडनीय.

‘अ’मध्ये पालकाची संमती प्रौढ व्यक्तीला चिकटवली आहे. ‘ब’मध्ये बळ हे एकमेव साधन धरले आहे, पण फसवणूकही तितकीच पुरते. खरी फसगत ‘क’मध्ये होते. कलम १३८ नुसती व्याख्या देते, शिक्षा सांगत नाही. ॲबडक्शन दंडनीय होते ते ठराविक हेतू जोडला गेला की: खून करण्यासाठी, खंडणीसाठी, गुपचूप कोंडून ठेवण्यासाठी नेले तर कलम १४०, आणि स्त्रीला बळजबरीने लग्न लावण्यासाठी नेले तर कलम ८७. म्हणून ‘ड’ बरोबर. किडनॅपिंगला हेतू लागत नाही आणि ॲबडक्शनच्या शिक्षेला लागतो. पर्यायांत सर्वांत जास्त अदलाबदल होते ती याच घटकाची.

इथवर उमगलेल्यालाही ‘नेणे’ हा शब्द अडकवतो. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात तो उलगडला. कॉलेजात शिकणारी, अठराला थोडीच कमी असलेली मुलगी. शेजारच्या तरुणावरचे प्रेम घरी कळल्यावर वडिलांनी तिला नातेवाइकांकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाहेर पडली, तिने त्याला फोन करून एका रस्त्यावर बोलावले, त्याच्या गाडीत बसली आणि दोघांनी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन लग्नाची नोंद केली. खालच्या न्यायालयांनी तरुणाला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने सोडले. अल्पवयीन मुलाला नेणे वेगळे आणि त्याला आपल्यासोबत येऊ देणे वेगळे, असे न्यायालयाने म्हटले. आरोपीने आमिष दाखवले किंवा घर सोडण्याचा विचार तिच्या मनात रुजवण्यात भाग घेतला, असा पुरावा हवा होता आणि तो नव्हता.

यावरून ‘मुलगी राजीखुशीने गेली की गुन्हा नाही’ असा पर्याय बनवतात. तो चुकीचा. आरोपी सुटला तो तिच्या संमतीमुळे नव्हे, तर ‘नेणे’ हा घटकच सिद्ध न झाल्यामुळे. १९७३ च्या वडगामा विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात मुलगी स्वतः चालत आरोपीच्या घरी आली होती. तरीही दोष कायम राहिला, कारण भेटवस्तू देऊन, जवळीक वाढवून तिला आपल्याकडे ओढण्याचे काम त्याने आधीच केले होते. दोन्ही खटल्यांत मुली स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या. त्यामागे आरोपीचा हात होता का, इथेच निकाल फिरला.

ताब्याच्या या सूत्राला एक मोठी मर्यादा आहे. कलम १३७ मध्ये किडनॅपिंगचा आणखी एक प्रकार येतो: भारताच्या हद्दीबाहेर नेणे. तिथे वयाची अट नाही. कुणाही व्यक्तीला तिच्या, किंवा तिच्यासाठी संमती देण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्याच्या, संमतीशिवाय देशाबाहेर नेले तर ते किडनॅपिंग. म्हणून ‘किडनॅपिंग फक्त अल्पवयीनाचे होते’ हे विधान ढोबळमानाने बरोबर वाटले तरी परीक्षेत चूक ठरते.

आणि घटनेची तारीख बघावी. जुन्या दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये मुलींसाठी वय अठरा होते, पण मुलग्यांसाठी सोळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने दोघांनाही अठराची मर्यादा लावली. साताऱ्याच्या त्या मुलाला २०२३ मध्ये नेले असते तर पालकाच्या ताब्यातून किडनॅपिंग झाले नसते. २०२५ मध्ये नेले तर होते. गुन्ह्याला घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, म्हणून जुन्या प्रश्नसंचातले ‘बरोबर’ उत्तर नव्या प्रश्नाला चुकीचे ठरू शकते.