उच्चांक ओलांडला, पण टिकला का?

१९ ऑक्टोबर २०२१ रोजी निफ्टीने १८,६०४ चा उच्चांक केला. पुढे वर्षभराहून अधिक काळ निफ्टी त्या आकड्याच्या खालीच राहिला. इतका ठळक आकडा सगळ्यांनाच दिसतो, म्हणून त्याच्या जरा वर दोन प्रकारच्या ऑर्डरी साचतात. मंदी करून बसलेल्यांचे स्टॉपलॉस तिथे असतात, आणि मंदीवाल्याचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदीचीच ऑर्डर. उच्चांक तुटला की घ्यायचं म्हणून थांबलेलेही तिथेच असतात. भाव तिथे पोचला की ही सगळी खरेदी एकदम सुटते. ज्याला मोठा माल विकायचा आहे, त्याला एवढे घेणारे एरवी कुठे मिळणार? त्याची विक्री ही खरेदी पचवते, भाव पुन्हा आकड्याखाली येतो आणि वर घेतलेले अडकतात. मग त्यांचेही स्टॉपलॉस उडतात आणि घसरणीला जोर येतो. यासाठी कुणी कट रचायलाच हवा असं नाही. ऑर्डरी एका जागी साचणं पुरेसं असतं.

भाव उच्चांकावर जाऊन त्याच दिवशी खाली बंद झाला, तर त्याला स्विंग फेल्युअर म्हणतात. कँडलची वात तेवढी पलीकडे उरते. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी नेमकं हेच झालं: निफ्टी १८,६१४ पर्यंत गेला आणि १८,५६२ वर बंद झाला. ती वात पाहून ज्यांनी मंदी केली, ते आधी फसले. १ डिसेंबरला निफ्टी १८,८८७ वर होता, आणि त्याआधीच बंद भावही जुन्या उच्चांकावर आले होते. मग ब्रेकआउट खरा मानून घेणारे फसले, कारण २३ डिसेंबरपर्यंत निफ्टी १७,८०० च्या आसपास आला होता.

म्हणून एका दिवसाच्या बंद भावाला मी पुरावा मानत नाही. भाव आकड्याकडे परत येतो तेव्हा काय होतं, ते पाहावं. डिसेंबरात निफ्टी १८,६०४ च्या खाली-वर घुटमळत राहिला, तिथून वर उसळण्याइतकी खरेदी आलीच नाही. उलट २८ जून २०२३ रोजी १८,८८७ ओलांडल्यावर तो १८,९७२ वर बंद झाला, नंतरच्या दिवसांत त्या आकड्याखाली गेला नाही आणि तीन-चार आठवड्यांत २०,००० च्या जवळ पोचला.

परत येण्याची वाट पाहण्यात एक तोटा आहे: जूनसारखी खरी तेजी कधीकधी मागे फिरतच नाही, आणि थांबलेल्याला वरच्या भावात घ्यावं लागतं. शिवाय स्टॉपलॉस आकड्याला चिकटून लावला, तर तो त्याच गर्दीत सापडतो. तो आधीच्या वातीच्या पलीकडे लावावा. अंतर दुप्पट झालं, तर सौद्याचा आकार निम्मा करावा, म्हणजे चुकल्यास जाणारी रक्कम तेवढीच राहते.