बारशाचे आमंत्रण : पाऊण मिनिटात वेळ, स्थळ आणि जिव्हाळा

बारशाचे आमंत्रण हल्ली भ्रमणध्वनीवरच्या छोट्या चित्रफितीतून येते. पूर्वी आत्या किंवा आजी घरोघर जाऊन बोलावत असे, नाहीतर एक ओळीचे पोस्टकार्ड येई. चित्रफितीत गोडवा अधिक असतो, यात शंका नाही. तथापि ती पाहून झाल्यावर पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नेमके कुठे आणि किती वाजता?’ दोष चित्रांचा किंवा संगीताचा नसतो. आधी लिहावयास हवी ती संहिता लिहिलेलीच नसते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव यासंदर्भात सांगण्याजोगा आहे. घर डोंबिवलीचे, तर बाळंतीण पहिल्या खेपेच्या रिवाजाप्रमाणे नाशिकला माहेरी. दीड मिनिटाची सुरेख चित्रफीत तयार झाली. तीत बाळच बोलत होते, ‘मी आलोय, मला भेटायला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये या!’ शेवटच्या चार सेकंदांत फुलांच्या वेलबुट्टीत ‘सायं. ५ ते ९’ अशी अक्षरे झळकून गेली. ‘आमची सोसायटी’ म्हणजे आजोळची की आजीची, हे कोणालाच उमगेना. नाशिकच्या मंडळींना वाटले, बाळ येथे आहे तेव्हा बारसेही येथेच. त्याहून मोठी गंमत वेळेची झाली. पाच ते नऊ म्हटल्यावर पाहुणे जेवणाच्या बेताने साडेसातला आले. नाव सहा वाजताच ठेवून झाले होते. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केले तेव्हा पाळण्याभोवती घरच्याच सात-आठ बायका होत्या.

बारशाच्या आमंत्रणातील खरी अडचण हीच आहे. स्वागत समारंभाला केव्हाही गेले तरी चालते. बारशाला मात्र एक क्षण असतो, पाळण्यात घालण्याचा. तो चुकला की उरतात घुगऱ्या आणि जेवण. म्हणून ‘पासून-पर्यंत’ अशी वेळ न देता त्या क्षणाची वेळ सांगावी, आणि येण्याची व जेवणाची वेळ तिच्या आगेमागे ठेवावी. ती वेळ शक्यतो पूर्ण तासाची असावी. ‘पावणेसहा’मधले ‘पावणे’ सनईच्या सुरात सहज बुडते आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘सहा’ एवढेच राहते. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवंडांना तर ते कळतेच असे नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. बाळाच्या तोंडी वाक्ये घालण्याची पद्धत इतकी रुळली आहे की ती आता कानाला जाणवतही नाही. शिवाय बाळ ‘मी’ म्हणते तेव्हा ते कोणाचे बाळ, हे सांगायचे राहून जाते. बारशात बोलावणे करण्याचा सर्वांत नैसर्गिक अधिकार आत्याचा. नाव तीच सांगणार असते. तिचा स्वतःचा, थोडासा अडखळणारा आवाज भाड्याच्या गोड आवाजापेक्षा अधिक आपलेपणाचा वाटतो. बाळाचे नाव या आमंत्रणात अर्थातच नसते. ही उणीव न मानता तिचाच उपयोग करावा, कारण लोकांना ओढून आणणारी उत्सुकता तीच आहे.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना एका सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पाऊण मिनिटात नव्वदच्या आसपास शब्द बसतात आणि त्याहून अधिक लागतही नाहीत. त्याच कुटुंबासाठी संहिता नव्याने लिहिली असती, तर ती अशी झाली असती. कंसातील जागी आपापली नावे घालावीत.

‘नमस्कार. मी बाळाची आत्या, (वडिलांचे नाव)ची बहीण बोलते आहे. आमच्या घरी पाळणा हलला आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान मला मिळाला. ते नाव सध्या आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. ते ऐकायला तुम्ही हवेच.

बारसे आहे रविवारी, चौदा डिसेंबरला. सायंकाळी साडेपाचपर्यंत या. बरोबर सहा वाजता बाळाला पाळण्यात घालणार आहोत. ठिकाण डोंबिवली पूर्व, (सोसायटीचे नाव), तळमजल्यावरचे सभागृह. बाळ नाशिकला असले, तरी बारसे डोंबिवलीलाच आहे.

घुगऱ्या घ्या, साडेसातपासून जेवण आहे, जेवूनच जा. पुन्हा सांगते, रविवार, चौदा डिसेंबर, सायंकाळी सहा, डोंबिवली पूर्व. मी वाट पाहते.’

यात ‘येत्या रविवारी’ असे म्हटलेले नाही, हे लक्षात आले असेल. चित्रफीत आठवडाभर या गटातून त्या गटात फिरत राहते आणि प्रत्येकाचा ‘येता रविवार’ निराळा असतो. वार आणि तारीख दोन्ही दिल्याने एक तपासणीही होते, दोहोंचा मेळ बसला नाही तर कोणीतरी वेळीच विचारते. ‘बाळ नाशिकला असले, तरी’ हे वाक्य कानाला जरा रुक्ष वाटेल. पण ज्या शंकेने दहा दूरध्वनी येणार आहेत, तिचे उत्तर संहितेतच द्यावे.

आता चित्र. पहिल्या परिच्छेदावर पाळणा सजवणारे हात, झालर, बाळाची चिमुकली पावले दाखवावीत. चेहरा दाखवायचा की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. अनेकांना तो बारशाआधी गटागटांतून फिरलेला आवडत नाही. दुसरा परिच्छेद सुरू होताच सारी हालचाल थांबवावी, संगीत अगदी हळू करावे आणि साध्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरांत वार-तारीख, वेळ, स्थळ आणि मजला अशा चारच ओळी उमटू द्याव्यात. ही चौकट तो परिच्छेद संपेपर्यंत, म्हणजे पंधराएक सेकंद, हलू देऊ नये. आत्या बोलते तेच अक्षरांत असावे. लोकलच्या गर्दीत किंवा कार्यालयात पुष्कळजण आवाज बंद ठेवूनच पाहतात. पडद्याच्या अगदी तळाशी मात्र काही लिहू नये, तेथे भ्रमणध्वनीची स्वतःची चिन्हे येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना चित्रफीत दाबली जाते आणि बारीक, वळणदार अक्षरे फिसकटतात. ‘तळमजला’ वाचता येत नसेल, तर लिहून उपयोग काय?

चित्रफितीत नकाशाचा दुवा दाखवणे व्यर्थ आहे, कारण त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. दुवा, पत्ता आणि एका जबाबदार व्यक्तीचा क्रमांक चित्रफितीखालच्या मजकुरात लिहावा. नुसते स्टेटसवर ठेवून भागणार नाही. ते चोवीस तासांनी नाहीसे होते आणि मावशीने पाहिले की नाही, यावर मानापमान उभे राहतात. ज्यांना मनापासून बोलवायचे, त्यांना स्वतंत्र पाठवावे. थोरामोठ्यांना त्याच दिवशी एक दूरध्वनी करावा, तो चित्रफितीने वाचत नाही.

पाठवण्यापूर्वी एक परीक्षा करावी. चित्रफीत ज्यांनी आधी पाहिलेली नाही अशा घरातल्या एखाद्या आजींना ती त्यांच्याच फोनवर एकदा आवाजासह, तर शेजारच्या कोणा तरुणाला एकदा आवाज बंद करून दाखवावी. मग फोन खाली ठेवायला सांगून विचारावे, पाळण्यात केव्हा घालणार आणि कोणत्या गावी? दोघांनीही न अडखळता ‘रविवारी सहाला, डोंबिवलीला’ असे सांगितले, तर चित्रफीत धाडावी. एकाने जरी ‘पुन्हा लाव पाहू’ म्हटले, तरी पहिल्या परिच्छेदातले एक वाक्य काढावे आणि चार ओळींची चौकट आणखी थोडा वेळ ठेवावी.