छतावरची ओल: पाइप फुटलाय की वॉटरप्रूफिंग गेलंय?

वरच्या मजल्यावरची मंडळी आठ दिवस गावी गेली, त्यांचं बाथरूम बंद होतं, तरी खालच्या छतावरची ओल तशीच राहिली. मग पाण्याचा पाइपच फुटला असणार, कारण बाथरूम वापरलंच नाही तर फरशीवरून पाणी झिरपणार कुठून? मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये हा तर्क सर्रास ऐकू येतो. ऐकायला तो बिनतोड वाटतो आणि त्याच्या भरवशावर भिंती फोडल्या जातात. पण तो बहुतेक वेळा टिकत नाही, कारण त्यात स्लॅबच्या पोटातल्या पाण्याचा हिशेब धरलेला नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा साधारण 9 इंच ते 1 फूट खाली टाकलेला असतो. त्याला सनकन स्लॅब किंवा नुसतं ‘संक’ म्हणतात. नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे आडवे पाइप या खोलगट जागेत बसवतात. उरलेली जागा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात आणि वर उतार देऊन फरशी घालतात. वॉटरप्रूफिंगचा थर स्लॅबवर आणि भिंतीला वर चढवून दिलेला असतो, काही ठिकाणी कोब्यावरही. फरशीच्या सांध्यांतून थोडं-थोडं पाणी खाली जात राहिलं की हा विटांचा भराव ते स्पंजासारखं शोषून घेतो. एकदा संक भरला की वर नळ बंद असला तरी खाली थेंब पडत राहतात, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा. म्हणून आठ दिवसांच्या बंद बाथरूमवरून काहीच सिद्ध होत नाही.

उलट बाजूनेही हेच खरं आहे. भिंतीत दाबलेल्या पाण्याच्या लाइनला बारीक गळती असेल, तर ते पाणीही भिंतीतून उतरून त्याच संकात साठतं आणि तिथून सावकाश खाली येतं. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला चार-पाच लिटर पाणी होतं. छतावरचा डाग दोन्ही बाबतींत सारखाच: कडेला तपकिरी वळं, पांढरा खार, रंगाचे पोपडे. डागाची जागाही फसवी असते. पाणी स्लॅबमधून वाट काढत दिव्याच्या पॉइंटपाशी किंवा एखाद्या तड्यापाशी उतरतं, आणि गळतीची जागा तिथून चार फूट लांब असू शकते. (दिव्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी पाडावा, बाकी तपास नंतर.) म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खालून डागाकडे बघत निदान करू नये. वर जाऊन एकेका संशयिताची वेगळी चाचणी घ्यावी, आणि तीही ठरावीक क्रमाने.

पुण्यातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत हा क्रम नीट पाळला गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमखाली, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पाणी टपकत होतं. वरच्या घरात दुसरं बाथरूम होतं, त्यामुळे हे बाथरूम काही आठवडे बंद ठेवता आलं. खालच्या काकूंनी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातली आणि रोज सकाळी घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. पुढचा सगळा तपास या नोंदीवर उभा राहिला.

आधी पाण्याची लाइन तपासली, कारण त्या चाचणीसाठी छत वाळायची वाट बघावी लागत नाही. प्लंबरने शॉवर, नळ, कमोडचा कॉक असं सगळं काढून तिथे प्लग बसवले. नुसते नळ बंद करून भागत नाही, कारण नळाचाच वॉशर गळका असेल तर काटा उतरतो आणि दोष बिचाऱ्या पाइपवर येतो. गरम आणि थंड लाइन वेगळ्या तपासल्या, गिझर बाजूला काढला. मग हातपंपाने 4 किलोपर्यंत दाब दिला. गच्चीवरची टाकी नळापासून 10 मीटर उंच असेल तर नळात जेमतेम 1 किलो दाब असतो, त्यामुळे 4 किलो पुरेसा होतो. जुन्या लाइनवर याहून फार जास्त दाब चढवला तर शाबूत जॉइंटही निखळू शकतात. पहिल्यांदा काटा थोडा उतरला, तो आत अडकलेल्या हवेमुळे. पुन्हा पंप मारल्यावर तासभर दोन्ही लाइनींचा काटा हलला नाही. पाण्याची लाइन निर्दोष ठरली आणि भिंती वाचल्या.

त्यानंतर बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून संक रिता होऊ दिला. मिनिटाला चौदा थेंब पडत होते, ते आठवड्याने सहावर आले आणि तिसऱ्या आठवड्यात थांबले. हा टप्पा कंटाळवाणा असतो, म्हणून लोक तो गाळतात. पण आधीचं पाणी उतरलंच नसेल तर पुढच्या चाचणीत दिसणारा थेंब नवा की जुना हे कळणार कसं?

छत थांबल्यावर सांडपाण्याच्या पाइपची पाळी आली. फरशीला एक थेंबही न लावता, नळी ट्रॅपच्या आत सोडून रंग कालवलेलं दोन बादल्या पाणी ओतलं. दोन दिवस वाट बघितली. खाली काही आलं नाही. शेवटी ट्रॅपला बूच मारलं, दारात सिमेंटचा छोटा बांध घातला आणि फरशीवर इंचभर पाणी भरलं. टाइलवर पातळीची खूण केली आणि शेजारी तेवढंच पाणी घातलेली परात ठेवली, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते वेगळं काढता येईल. दुसऱ्या दिवशी फरशीवरची पातळी परातीपेक्षा स्पष्ट खाली गेली होती आणि संध्याकाळी खाली थेंब सुरू झाले. रंग तिसऱ्या दिवशी दिसला. तो दिसलाच नसता तरी निष्कर्ष बदलला नसता. संकातल्या ओलीत मिसळून रंग इतका फिका होऊ शकतो की डोळ्यांना कळत नाही.

म्हणजे दोष वॉटरप्रूफिंगचा. या चाचणीने भिंती मात्र तपासल्या जात नाहीत. फरशी कोरडी निघाली असती तर शॉवरसमोरच्या भिंतीवर वेगळं पाणी मारून बघावं लागलं असतं.

खोदल्यावर दिसलं की थर बहुतेक ठिकाणी शाबूत होता, पण ट्रॅपच्या गळ्यापाशी तो अर्ध्यातच संपला होता आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात तडा गेला होता. वॉटरप्रूफिंग सपाट जागेत क्वचित फसतं. ते अशा सांध्यांत फसतं. कोबा पूर्ण काढून स्लॅब वाळवला. कोपऱ्यांत मसाल्याचा गोलसर वाटा केला, ट्रॅपभोवतीची जागा आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरली, आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात एकमेकांना आडवे देऊन भिंतीवर फूटभर, शॉवरपाशी सहा फुटांपर्यंत चढवले. त्यावर 48 तास पाणी भरून ठेवलं आणि खालचं छत कोरडं राहिल्यावरच नवा भराव आणि फरशी केली. ही मधली पाणी भरायची पायरी कंत्राटदार घाईत टाळतात. ती झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नये.

खर्चावरून वाद झाला नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा असतो, आणि डक्टमधल्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. चाचण्यांची नोंद लेखी असल्याने कुणाची बाजू कुठली यावर बोलणंच राहिलं नाही.

खालच्या छताचा सुटलेला गिलावा मात्र लगेच झाकला नाही. तो खरवडून सळया बघितल्या. गंज धरलेली सळई फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते, त्यामुळे ती घासून गंजरोधक लावावं लागलं. मग स्लॅब दोन महिने उघडा ठेवला आणि रंग दिवाळीच्या आधी लावला.